शोधनिबंधात एआयने लिहिलेला मजकूर आहे, तो कुठे आणि कसा सांगायचा?

यावलकर
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी कृषी-अर्थशास्त्र शिकवतो. रावेर आणि यावल तालुक्यांतल्या ३४ केळी उत्पादकांच्या मुलाखती घेऊन एक शोधनिबंध लिहिला. बागेत हरण्या रोग दिसला की झाड उपटायचं की थांबायचं, हे शेतकरी कधी आणि कशावरून ठरवतो, हा विषय. मुलाखती लेवा बोलीत, काही तावडीत. निबंध इंग्रजीत. मार्गदर्शक सर सहलेखक आहेत.

जर्नलकडून निबंध मोठ्या दुरुस्तीसाठी परत आला आहे. २८ दिवसांची मुदत आहे, त्यातले ६ गेले. दुसऱ्या परीक्षकाने विचारलंय की केळीच्या अभ्यासात कांदा पिकवणारे कुठून आले? आणि पहिल्याने लिहिलंय की हरणांमुळे होणाऱ्या पीकनुकसानीवर आधीचं संशोधन दिलेलं नाही, ते द्या.

मी निबंध उघडून बघितला आणि हातपाय गार पडले. एका काकांचं मूळ वाक्य होतं: "मृगबागेत हरण्या आला, कांदेबाग वाचली." त्याचं इंग्रजीत झालं होतं, "हरणांच्या बागेत हरीण शिरलं, कांद्याची बाग वाचली." इंग्रजी अगदी सफाईदार. भाषांतर एआय साधनाने केलं होतं. मला मूळ वाक्य पाठ होतं, त्यामुळे इंग्रजीवरून नुसती नजर फिरली आणि पुढे गेलो.

आता संपादकांनी विचारलंय की लेखनात एआय साधन वापरलं आहे का, असल्यास सर्व लेखकांच्या वतीने निवेदन द्या. मी ते तीन ठिकाणी वापरलं आहे.

एक, चर्चेचा भाग मी स्वतः इंग्रजीत लिहिला आणि व्याकरण सुधारून घेतलं. दोन, प्रस्तावनेतला एक परिच्छेद, साधारण १४० शब्दांचा, मी मुद्दे दिले आणि त्याच्याकडून लिहून घेतला. त्यात त्याने दोन संदर्भही दिले, ते मी तसेच ठेवले. तीन, मुलाखतींतली २६ वाक्यं भाषांतरित करून घेतली.

हे कुठे लिहायचं? संदर्भसूचीत टाकायचं का? सर म्हणतात काही सांगू नकोस, उगाच निबंध नाकारतील. मला ते पटत नाही, पण मोडूनही काढता येत नाही.

प्रा_पाचोरा
सर, एवढं घाबरू नका. यूजीसीचा २०१८ चा नियम वाचा. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. तुमचा १४० शब्दांचा परिच्छेद अख्ख्या निबंधात तीन टक्केही भरणार नाही. विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरमधून अहवाल काढा, १० च्या आत असेल तर तो जोडा आणि मोकळे व्हा. आमच्या विभागात सगळे असंच करतात.

ग्रंथपाल_धुळे
पाचोऱ्याचे सर, नियम बरोबर सांगितलात, पण तो या प्रश्नाला लागत नाही. तो साम्य मोजतो. म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो, एवढंच. एआयने नव्याने जुळवलेलं वाक्य कुठेच छापलेलं नसतं, मग जुळणार कशाशी? माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रकरणांत मी हे बघतो. मजकूर उघडपणे यंत्राचा वाटतो आणि साम्य ४ टक्के येतं. संपादक विचारतायत की हे वाक्य कोणी तयार केलं. साम्याचा अहवाल त्याचं उत्तर देऊच शकत नाही.

अमळनेर_७५
यात अवघड काय आहे? आपण पुस्तकातून घेतलं तर पुस्तकाचा संदर्भ देतो, तसंच हे. एपीए शैलीने २०२३ मध्येच नमुना दिला आहे. चॅटजीपीटी वापरलं असेल तर लेखकाच्या जागी ओपनएआय कंपनीचं नाव, मग वर्ष, साधनाचं नाव, आवृत्ती, पत्ता. मजकुरात कंसात कंपनी आणि वर्ष. परिच्छेदाच्या शेवटी टाका, झालं काम.

शिरपूरची_लेक
मला कोणीतरी सांगा, एआय वापरलंच नसेल तर काय करायचं? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका डिटेक्टरमध्ये "७० टक्क्यांहून अधिक एआय" असं आलं. मी एकही ओळ कुठून घेतलेली नाही. इंग्रजी माझं साधं आहे, छोटी छोटी वाक्यं लिहिते. गाइड म्हणतात, कबूल कर आणि निवेदन जोड. न केलेली गोष्ट कशी कबूल करू?

माहेर_चोपडा
मी पुण्यात असते, चौदा वर्षं संशोधन-नियतकालिकांसाठी संपादनाचं काम करते. यावलकर सर, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण तुमच्या तीन वापरांना तीन वेगळी उत्तरं आहेत आणि ती एकत्र केली की गोंधळ होतो.

आधी अमळनेरच्या दादांचा मुद्दा. एपीएचा नमुना खरा आहे, पण तो कधी वापरायचा हे बघा. एआयने काय उत्तर दिलं हाच जेव्हा तुमच्या अभ्यासाचा विषय असतो, किंवा त्याचं वाक्य अवतरणात देऊन तुम्ही त्यावर बोलता, तेव्हा ते संदर्भ म्हणून येतं. आणि ते संभाषण दुसऱ्याला उघडून बघता येत नाही, म्हणून पूर्ण संभाषण परिशिष्टात द्यावं असंही एपीए सुचवतं. पण "केळीवरचा हा विषाणू मावा पसरवतो" हे विधान एआयने लिहून दिलं म्हणून त्याचा आधार एआय होत नाही. त्याने काही शेतात जाऊन मावा मोजलेला नाही. ज्याने मोजला त्याचा निबंध शोधा, वाचा, त्याचा संदर्भ द्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती, आयसीएमजेई, हिने तर जानेवारी २०२४ च्या शिफारशींत स्पष्टच म्हटलं की एआयने तयार केलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून संदर्भात देणं मान्य नाही. तुमचं जर्नल वैद्यकीय नाही, तरी कारण तेच आहे.

आता सह-लेखक म्हणून एआयचं नाव, हे कोणी सुचवायच्या आतच सांगते. कोप ही प्रकाशन-नीतीची संस्था, तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये भूमिका जाहीर केली की एआय लेखक होऊ शकत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. त्याच निवेदनात आहे की कोणतं साधन, कसं वापरलं, ते लेखकांनी उघड करायचं आणि मजकुराची पूर्ण जबाबदारी लेखकांचीच. "लेखकांची" म्हणजे तुमच्या सरांचीही.

पहिला वापर, व्याकरण. इथे प्रकाशकागणिक फरक आहे. एल्सेव्हियरचं निवेदन साध्या व्याकरण आणि शुद्धलेखन तपासणीला लागत नव्हतं. स्प्रिंगर नेचर भाषेच्या मशागतीसाठी घोषणा मागत नाही. आयईईई म्हणते की भाषा सुधारणं हा नेहमीचाच वापर, तरी सांगितलेलं बरं. तेव्हा तुमच्या जर्नलचं लेखकांसाठीचं पान आज पुन्हा वाचा. ही पानं बदलत राहतात, मागच्या वर्षीची आठवण चालत नाही. माझा सल्ला, एक वाक्य लिहून टाका. नुकसान काही नाही.

दुसरा वापर, तो १४० शब्दांचा परिच्छेद. निवेदनात "भाषा सुधारण्यासाठी वापरलं" असं लिहून हा परिच्छेद त्याच वाक्यात झाकू नका. ती सगळ्यात जास्त आढळणारी लबाडी आहे आणि संपादकाला ती दिसते. मजकूर तयार करून घेणं वेगळं, तयार मजकूर सुधारणं वेगळं. आणि त्याआधी ते दोन संदर्भ तपासलेत का? आज तपासा. निबंधाचा डीओआय `doi.org` वर टाका. पान उघडलं म्हणून थांबू नका, उघडलेल्या पानावरचं शीर्षक तुमच्या यादीतल्या शीर्षकाशी जुळतं का ते बघा. बनावट संदर्भात नियतकालिक खरं असतं, खंड खरा असतो, लेखकाचं नावही त्या क्षेत्रातल्या खऱ्या माणसाचं असतं. फक्त तो निबंध कोणी लिहिलेला नसतो.

तिसरा वापर माझ्या मते सगळ्यात गंभीर, आणि तुम्ही तो शेवटी लिहिलात. ती २६ वाक्यं तुमची सामग्री आहे. भूगर्भशास्त्रात खडकाचा नमुना असतो तशी. त्या नमुन्यावर एका यंत्राने प्रक्रिया केली, तर ते आभारात लिहायची गोष्ट नाही, ते संशोधनपद्धतीत जातं. कोणी भाषांतर केलं, कसं तपासलं, कुठे चुकलं, हे वाचकाला कळलं नाही तर तुमच्या निष्कर्षावर तो विश्वास कशाच्या जोरावर ठेवणार?

शिरपूरची_लेक ताई, तुमच्यासाठी थोडक्यात. न वापरलेलं वापरलं म्हणून लिहू नका. ते खोटं निवेदन होईल. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल परीक्षेच्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले. कारण हेच, शब्दसंपदा मोजकी आणि वाक्यरचना सरळ. ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्रही अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. तुमचे जुने मसुदे, फाइलींचा आवृत्ती-इतिहास, हाताने काढलेल्या टिपा, गाइडना पाठवलेले मेल एकत्र करा. टक्क्याला टक्क्याने उत्तर देता येत नाही. मजकूर कसा घडत गेला हे दाखवता येतं.

शिरपूरची_लेक
वहीतल्या टिपा आहेत माझ्याकडे, तिन्ही वर्षांच्या. पण आमच्या समितीने त्या बघितल्याच नाहीत तर? स्वतंत्र धागा काढते. ताई, धन्यवाद.

निंभोऱ्याचा_शेतकरी
मी शिकलेला माणूस नाही, बारावीनंतर शेतीच. पण वाचत होतो म्हणून लिहितो. मृगबाग म्हणजे जूनमध्ये मृग नक्षत्रावर लावलेली केळी, कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास लावलेली. यात कांदाही नाही आणि हरीणही नाही. हरण्या म्हणजे पानावर पिवळे पट्टे पडतात तो व्हायरस, इंग्रजीत त्याला सीएमव्ही म्हणतात. माव्यामुळे पसरतो, औषध नाही, उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करावं लागतं. यंत्राला हे माहीत नसेल तर नसेल, पण ज्यांनी तपासलं त्यांना वाचून कसं कळलं नाही?

आमच्याकडे सातपुड्याच्या कडेला रानडुकरं, हरणं शेतात येतात. म्हणून बाहेरच्या माणसाला ते वाक्य खरंच वाटणार.

आणि एक विचारायचं होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जण मुलाखत घ्यायला आले होते. मी कर्जाचं पण बोललो होतो. ते बोलणं असं यंत्रात टाकतात का?

यावलकर
दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. उत्तर देतो, पण आधी माहेर_चोपडा ताईंनी सांगितलेलं काम केलं ते लिहितो.

दोन संदर्भांपैकी पहिला खरा निघाला. दुसऱ्याचा डीओआय उघडला तर द्राक्षाच्या साठवणुकीवरचा निबंध आला. नियतकालिकाच्या पानावर जाऊन तो खंड आणि ती पानं बघितली, तिथे तिसराच कुठला तरी लेख आहे. ज्या लेखकांची नावं दिली होती ते खरोखर केळीवर काम करतात, पण या शीर्षकाचं त्यांचं काही नाही. म्हणजे ताईंनी सांगितलं तसंच.

तो परिच्छेद काढून टाकला. खरा निघालेला निबंध पूर्ण वाचला, अजून दोन ग्रंथालयातून मिळवले आणि परिच्छेद नव्याने लिहिला. आता ९० शब्दांचा आहे. इंग्रजी तेवढं गुळगुळीत नाही.

आता प्रश्न असा, की जुना परिच्छेद निबंधात उरलाच नाही, तर तो निवेदनात सांगायचा का?

अमळनेर_७५
माझं संदर्भसूचीबाबतचं मत मागे घेतो. पण यावर ठाम आहे: नाही सांगायचा. निवेदन छापल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल असतं. खोडलेल्या कच्च्या मसुद्यांचा हिशेब कोणी देत नाही.

ग्रंथपाल_धुळे
मला हे पटत नाही. पहिल्या वेळी पाठवलेला निबंध परीक्षकांनी वाचला, त्यात तो परिच्छेद होता आणि खोटा संदर्भही. छापील निबंधात नका लिहू, पण संपादकांना द्यायच्या पत्रात सांगायलाच हवं. नाहीतर परीक्षकाने तो संदर्भ शोधून ठेवला असेल आणि दुसऱ्या आवृत्तीत तो गुपचूप नाहीसा झालेला दिसला, तर तो काय समजेल?

माहेर_चोपडा
मी ग्रंथपालांच्या बाजूची. छापील निवेदनाबद्दल मात्र संपादकांतही एकमत नाही. काही जण म्हणतात, अंतिम मजकुरात यंत्राचं वाक्य नसेल तर लिहू नका. काही जण म्हणतात, रचनेवर त्याचा परिणाम राहिला असेल तर लिहा. तुम्ही परिच्छेदाचा क्रम, मुद्दे सगळंच बदललं असेल तर मी छापील निवेदनातून वगळेन. पत्रातून वगळणार नाही.

आता भाषांतराचं. असं करा: लेवा आणि तावडी दोन्ही समजणारी आणि इंग्रजी जाणणारी दोन माणसं घ्या. एकमेकांशी न बोलता दोघांनी २६ वाक्यं मूळ आवाजाशी ताडावीत. लिहून काढलेल्या प्रतीशी नव्हे, ध्वनिमुद्रणाशी, कारण लिहून काढतानाच बोलीचं प्रमाण मराठी झालेलं असू शकतं. एका तक्त्यात मूळ वाक्य, यंत्राचं भाषांतर, पहिल्याची दुरुस्ती, दुसऱ्याची दुरुस्ती आणि शेवटी ठरलेलं भाषांतर. दोघांत फरक पडला तर शक्य असल्यास बोलणाऱ्यालाच विचारा.

मग संशोधनपद्धतीत जायचा मजकूर असा काहीसा. मराठीत देते, इंग्रजी तुम्ही स्वतः करा:

"मुलाखती मराठीच्या लेवा आणि तावडी बोलींत झाल्या. निबंधातील २६ उद्धरणांचा पहिला इंग्रजी अनुवाद (साधनाचे नाव, आवृत्ती) या साधनाने (महिना, वर्ष) मध्ये केला. साधनाला वाक्य आणि भाषांतराची सूचना एवढेच दिले होते. पिकाचा संदर्भ दिला नव्हता. दोन्ही बोली जाणणाऱ्या दोन व्यक्तींनी प्रत्येक अनुवाद मूळ ध्वनिमुद्रणाशी स्वतंत्रपणे ताडला. (इतक्या) उद्धरणांत अर्थ बदलणाऱ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. मूळ वाक्ये आणि अंतिम अनुवाद परिशिष्टात दिले आहेत."

"संदर्भ दिला नव्हता" हे अर्धं वाक्य टाळू नका. चूक का झाली ते त्यातच आहे.

यावलकर
आवृत्ती कुठून आणू? मोफत खातं होतं, जुनी संभाषणं मी पुसून टाकली. मार्चमध्ये केलं एवढं आठवतं.

ग्रंथपाल_धुळे
मार्चमधला तुमचा मसुदा मेलमध्ये असेल, त्याच्या तारखेवरून आठवडा तरी सापडेल. जे सापडणार नाही त्याबद्दल "आवृत्तीची नोंद ठेवलेली नाही" असं लिहा. आज ते साधन उघडून जी आवृत्ती दिसते ती मार्चची म्हणून लिहू नका. ही साधनं मागच्या मागे बदलतात, आणि तेच वाक्य आज टाकलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणूनच तारीख महत्त्वाची.

पुढच्या वेळी संभाषण त्याच दिवशी फाइलमध्ये उतरवून ठेवा. आमच्या ग्रंथालयात मी संशोधकांना एक साधा तक्ता देतो: तारीख, साधन, काय सूचना दिली, काय मिळालं, त्यातलं निबंधात कुठे गेलं. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा येतो आणि गरज त्याचीच पडते.

प्रा_पाचोरा
एक शंका, मनापासून विचारतो. हे सगळं इतकं उघडं केलं आणि परीक्षकाने "यंत्राच्या भाषांतरावर उभा असलेला अभ्यास" म्हणून नाकारलं तर? यावलकरांच्या सरांची भीती अगदीच खोटी नाही. आपल्या भागातल्या महाविद्यालयातून एक निबंध छापून यायला दोन-दोन वर्षं जातात.

माहेर_चोपडा
भीती खरी आहे. असं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. काही परीक्षक निवेदन वाचून मजकुराकडे आकसाने बघतात, हे मी पाहिलं आहे. पण इथे परीक्षकाला कांद्याची बाग आधीच दिसली आहे. चूक कुठून आली याचं काही तरी उत्तर द्यावंच लागणार. "अनुवादात अनवधानाने चूक" एवढंच लिहिलं तर तो उरलेल्या २५ वाक्यांवरही शंका घेईल, आणि ते योग्यच असेल. तपासणीचा तक्ता दिला तर शंका घ्यायला जागा कमी उरते.

आणि वेळ बघा. निबंध अजून छापलेला नाही, म्हणून हे एका पत्रात आणि चार वाक्यांत निभावतंय. छापल्यावर कळलं तर शुद्धिपत्र काढावं लागतं किंवा निबंध मागे घ्यावा लागतो. २०२३ मध्ये फिजिका स्क्रिप्टा या नियतकालिकातला एक निबंध मागे घेतला गेला. मजकुरात चॅटजीपीटीच्या बटणावरचे `Regenerate response` हे दोन शब्द चिकटून राहिले होते आणि वापर कुठेच सांगितला नव्हता. सरांना ही गोष्ट दाखवा.

यावलकर
अकरा दिवसांनी लिहितोय. मुदतीत पाठवलं.

दोघांनी वाक्यं ताडली. एक फैजपूरच्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक, दुसरी माझी माजी विद्यार्थिनी, तिच्या घरी केळीच आहे. २६ पैकी ९ वाक्यांत अर्थ बदलत होता. मृगबाग, कांदेबाग आणि हरण्या यांतच सहा गेली. एकात "पिलबाग" होतं, म्हणजे पिलावर धरलेलं पुढचं पीक, त्याचं कोंबडीच्या पिलांची बाग झालं होतं. एकात "केळी निसवली", म्हणजे घड बाहेर पडला, त्याचं "केळी निसटून गेली" झालं होतं. आणि शेवटचं माझ्या निष्कर्षालाच लागलं. एक काकू म्हणाल्या होत्या की "उपटायचं जिवावर येतं". भाषांतरात आलं होतं की उपटणं जीवघेणं आहे. मी त्या वाक्यावरून "शेतकऱ्यांना शारीरिक धोका वाटतो" असं एक वाक्य चर्चेत लिहून बसलो होतो. ते काढलं. म्हणजे चूक उद्धरणापुरती राहिली नव्हती, विश्लेषणात शिरली होती.

सरांना फिजिका स्क्रिप्टाचं प्रकरण दाखवलं. त्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता मागवून घेतला, रात्री सगळा वाचला आणि पत्रावर सही केली. खोट्या संदर्भाचं पत्रात लिहिलं आहे, छापील निवेदनात नाही. व्याकरणाचं एक वाक्य संदर्भसूचीच्या आधी टाकलं.

संपादकांचं उत्तर काल आलं. निर्णय नाही अजून. निबंध पुन्हा परीक्षकांकडे गेला आहे, आणि परिशिष्टात मूळ वाक्यं देवनागरीत ठेवा असं सांगितलंय. मी रोमन लिपीत दिली होती.

निंभोऱ्याच्या दादा, तुमचं उत्तर बाकी होतं. मी नावं टाकली नव्हती. पण दोन वाक्यांत गावाचं नाव आणि कर्जाची रक्कम होती, तीही गेली. संमतिपत्रात "मुलाखत संशोधनासाठी वापरली जाईल" एवढंच लिहिलं होतं. बाहेरच्या साधनात टाकली जाईल असं नव्हतं. हेही मी पत्रात लिहिलं आहे.

ग्रंथपाल_धुळे
पत्रात लिहिलंत ते ठीक, पण संमती संपादक देऊ शकत नाहीत, ती त्या शेतकऱ्यांची. माझ्या मते त्या दोघांकडे पुन्हा जायला हवं.

माहेर_चोपडा
की ती दोन वाक्यं निबंधातून काढायची? मला खरंच ठरवता येत नाही. वाक्यं काढली तरी साधनात गेलेलं परत येत नाही. तुमच्या महाविद्यालयाच्या नीती समितीला लेखी विचारा, समिती नसेल तर विद्यापीठाला.

निंभोऱ्याचा_शेतकरी
समितीला विचारा, पण आधी त्या माणसांना विचारा. दोघंच तर आहेत. आम्हाला कोणी येऊन खरं सांगितलं तर आम्ही ऐकतो. बठ्ठं सांगा त्यांना, यंत्राचं पण आणि कांद्याच्या बागेचं पण.

यावलकर
रविवारी जातो. त्यांची वाक्यं मूळ आणि इंग्रजी दोन्ही छापून नेतोय. काकूंकडेही जाणार आहे, "जिवावर येतं" म्हणजे नक्की काय म्हणायचं होतं ते त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकायला.